प्रॉप्ड कँटिलिव्हरचा कोलॅप्स लोड: दुसरी हिंज नेमकी कुठे बसते?

एक टोक पक्कं, दुसरं टोक टेकूवर, आणि अंगावर सगळीकडे सारखा पसरलेला लोड. प्लास्टिक अ‍ॅनालिसिस शिकताना हा बीम लवकरच समोर येतो आणि बरेच जण त्यात एकाच ठिकाणी अडकतात. नाशिकच्या कॉलेजांत सिव्हिल शिकणारी मुलं असोत की अंबड-सातपूरच्या शेडची ड्रॉइंग करणारे नवे इंजिनिअर, कोलॅप्स लोडच्या सूत्रातला 11.66 हा आकडा त्यांना पाठ असतो. तो आला कुठून, हे विचारलं की गाडी थांबते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. एकच बीम घेऊ आणि शेवटपर्यंत सोडवू.

हाताशी काय हवं

- स्टील टेबल, ज्यात सेक्शनचा प्लास्टिक मॉड्युलस वेगळा दिलेला आहे असं. काही जुन्या टेबलांत तो नसतो. तेव्हा आयएस ८००:२००७ च्या परिशिष्टातली यादी वापरा.
- आयएस ८००:२००७. त्यातला प्लास्टिक अ‍ॅनालिसिसचा भाग एकदा सलग वाचून काढा, फार मोठा नाही.
- साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर.
- कागद. या प्रश्नात आकृती काढल्याशिवाय कोनांची बेरीज हमखास चुकते.

१. आधी बीम खरंच तसा आहे का ते बघा

आपलं उदाहरण असं: अंबडच्या एका शेडमध्ये मेझनाईन घालायचा आहे. बीम आयएसएमबी २५०, स्पॅन ६ मीटर. एक टोक जाड कॉलमला पूर्ण वेल्ड केलेलं, दुसरं भिंतीवरच्या बेअरिंग प्लेटवर नुसतं टेकलेलं. स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ २५० मेगापास्कल.

ड्रॉइंगवर 'फिक्स्ड' लिहिलं म्हणून टोक फिक्स्ड होत नाही. कॉलमला दोन अँगल क्लीट लावून वेबचे चार बोल्ट आवळले असतील, तर ते टोक जवळपास मोकळंच फिरतं. अशा बीमला साधा टेकवलेला बीम समजा. त्याचा कोलॅप्स लोड फक्त 8Mp/L² येतो आणि पुढचं काहीच लागू होत नाही. पक्कं टोक म्हणजे जिथे जोड आणि कॉलम दोघंही बीमच्या पूर्ण प्लास्टिक मोमेंटला पुरून उरतात. हिंज बीममध्ये व्हायला हवी. ती जोडात झाली, तर बीम गोल फिरण्याऐवजी वेल्ड तुटेल.

२. Mp काढा, पण योग्य मॉड्युलस घेऊन

प्लास्टिक हिंज म्हणजे त्या जागचा पूर्ण सेक्शन वरपासून खालपर्यंत यील्ड झालेला असतो. गंजलेल्या बिजागरीसारखी ती वागते: ठरावीक जोर लागेपर्यंत हलत नाही, तेवढा जोर लागला की फिरत राहते, पण जोर काही सोडत नाही. तो ठरावीक जोर म्हणजे Mp.

आयएसएमबी २५० चा प्लास्टिक मॉड्युलस ४६५.७ घन सेंटिमीटर, इलॅस्टिक मॉड्युलस ४१०.५ घन सेंटिमीटर. टेबलात हे दोन्ही रकाने जवळजवळ असतात आणि घाईत दुसराच उचलला जातो. दोघांचा भागाकार म्हणजे शेप फॅक्टर. आय सेक्शनला तो १.१२ ते १.१५ च्या आसपास यायला हवा. इथे १.१३ येतो, म्हणजे रकाना बरोबर आहे.

```
Mp = 465.7×10³ × 250 = 116.4 kN·m
```

याच पायरीवर सेक्शन 'प्लास्टिक' वर्गातला आहे का हेही बघून टाका. फ्लँजचा बाहेर आलेला भाग ६२.५ मिलिमीटर, जाडी १२.५, गुणोत्तर ५. मर्यादा ९.४ ची आहे. वेबचं गुणोत्तर २९ च्या आसपास, मर्यादा ८४. दोन्हीकडे भरपूर जागा आहे. पातळ प्लेटांचा बिल्ट-अप सेक्शन असता, तर फ्लँज आधीच सुरकुतला असता आणि हिंज फिरलीच नसती.

३. लोड हळूहळू वाढवा आणि काय होतं ते पाहा

परीक्षेत ही पायरी कोणी मागत नाही, पण पुढचा सगळा घोळ इथेच सुटतो.

सुरुवातीला बीम इलॅस्टिक आहे. पक्क्या टोकाला मोमेंट wL²/8, आणि स्पॅनमधला सर्वांत मोठा मोमेंट टेकूपासून ०.३७५L वर, 9wL²/128 एवढा. पक्क्या टोकाचा मोमेंट मोठा आहे, म्हणून पहिली हिंज तिथेच होणार.

```
wL²/8 = Mp
w = 8 × 116.4 / 36 = 25.9 kN/m
```

या क्षणी स्पॅनमध्ये Mp च्या जेमतेम ५६ टक्के मोमेंट आहे. बीम पडत नाही. पक्कं टोक आता फिरू लागलं, एवढंच. यापुढे वाढणाऱ्या लोडसाठी तो साधा टेकवलेला बीम आहे, ज्याच्या एका टोकाला कायम Mp लावून ठेवलाय. साध्या बीममध्ये नव्या लोडचा सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर येतो. म्हणून स्पॅनमधला मोमेंटचा शिखरबिंदू ०.३७५L वरून मध्याच्या दिशेने सरकायला लागतो. मध्यापर्यंत तो पोचत नाही, कारण एका टोकाचा Mp त्याला टेकूकडे ओढून धरतो. वाटेत कुठेतरी त्याचा मोमेंट Mp ला टेकतो आणि दुसरी हिंज तिथे होते.

आता दोन नेहमीच्या चुका का होतात ते दिसेल. एक जण दुसरी हिंज मध्यावर धरतो, कारण चित्र सुबक येतं. दुसरा ती ०.३७५L वर धरतो, कारण इलॅस्टिक आलेखात कमाल तिथे होती. खरी जागा या दोघांच्या मध्ये आहे.

४. मेकॅनिझम मांडा आणि कामाचं समीकरण लिहा

टेकूपासून x अंतरावर दुसरी हिंज झाली असं धरा. तिथे बीम δ एवढा खाली गेला. दोन्ही तुकडे सरळ राहतात, वाकणं सगळं हिंजमध्येच होतं.

टेकूपाशी कोन δ/x. पक्क्या टोकाशी कोन δ/(L−x). मधल्या हिंजमध्ये मात्र दोन्ही कोनांची बेरीज होते. बहुतेक जण इथे एकच कोन घेतात, म्हणून आकृती काढायला सांगितलं. आणखी एक: टेकूपाशी बीम फिरतो, पण तिथे मोमेंट शून्य आहे, म्हणून काम शून्य. ती खरी हिंज आहे, प्लास्टिक नव्हे. तिच्यापुढे Mp लिहिला की उत्तर दोन्ही टोकं पक्क्या असलेल्या बीमचं येतं.

```
आतलं काम   = Mp·δ/(L−x) + Mp·[δ/x + δ/(L−x)]
            = Mp·δ·(L+x) / [x(L−x)]
बाहेरचं काम = w × (½·L·δ)

w = 2Mp(L+x) / [L·x·(L−x)]
```

बाहेरच्या कामात wL ला δ ने गुणू नका. लोड पसरलेला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी बीम वेगळा खाली गेलाय. म्हणून w ला खाली गेलेल्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने गुणायचं. तो अर्धा विसरला की उत्तर थेट निम्मं येतं.

५. x शोधा

या समीकरणात x ची कुठलीही किंमत टाकली तरी एक लोड मिळतो. त्यातला खरा कोणता? सर्वांत लहान. अप्पर बाउंड प्रमेय हेच सांगतं: तुम्ही कल्पिलेला मेकॅनिझम खरा नसेल, तर त्याचा लोड खऱ्यापेक्षा जास्तच येतो. म्हणजे इथली चूक नेहमी धोक्याच्या बाजूला पडते.

x च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य केलं की हे उरतं:

```
x² + 2Lx − L² = 0
x = (√2 − 1)L = 0.414L
w = (6 + 4√2) Mp/L² = 11.66 Mp/L²
```

आपल्या बीममध्ये x = २.४८५ मीटर, टेकूपासून. पक्क्या टोकापासून मोजलं तर ०.५८६L. अंतर कुठून मोजलं ते आकृतीवर लिहून ठेवा. दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे दिसतात, ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच. लोड येतो ३७.७ किलोन्यूटन प्रति मीटर.

पहिली हिंज २५.९ वर झाली होती. म्हणजे त्यानंतरही बीमने ४६ टक्के जास्त लोड पेलला. इलॅस्टिक पद्धत ही शिल्लक बघतच नाही.

६. उत्तर उलट्या बाजूने तपासा

ही पायरी मला सगळ्यांत जवळची वाटते, कारण डेरिव्हेटिव्ह न घेताही ती तुम्हाला बरोबर जागी नेऊन सोडते. समजा परीक्षेत वेळ नाही आणि तुम्ही हिंज मध्यावरच धरली. w = 12Mp/L², म्हणजे ३८.८. आता या लोडखाली बीमचा तोल नीट बसतो का ते पाहू. मध्याच्या हिंजभोवती मोमेंट घेतला की टेकूची रिअ‍ॅक्शन 5Mp/L येते, म्हणजे ९७ किलोन्यूटन. शिअर जिथे शून्य तिथे मोमेंट कमाल:

```
x = R/w = 97.0/38.8 = 2.5 m
M = R·x/2 = 97.0 × 2.5 / 2 = 121.3 kN·m
```

१२१.३ हा Mp पेक्षा ४ टक्के जास्त आहे. सेक्शनला तेवढा मोमेंट घेताच येत नाही. म्हणजे ३८.८ पर्यंत पोचण्याआधीच बीम गेलेला असेल. पण हा सगळा आलेख २४/२५ पटीने लहान केला की कुठेच Mp ओलांडला जात नाही, तोल तसाच राहतो, आणि लोड ३७.३ होतो. हा लोअर बाउंड. खरं उत्तर ३७.३ आणि ३८.८ च्या मध्ये अडकलं.

आता कमाल मोमेंट २.५ मीटरवर दिसला ना? दुसरी हिंज तिथेच धरा आणि चौथ्या पायरीच्या सूत्रात x = २.५ टाका. ३७.७ येतं. एका फेरीत काम झालं. लोड तुकड्यातुकड्यांत असेल आणि समीकरण किचकट असेल, तेव्हाही हीच युक्ती चालते: हिंज धरा, आलेख काढा, कमाल जिथे दिसेल तिथे हिंज सरकवा.

खऱ्या उत्तरासाठी शेवटची खात्री: टेकूची रिअ‍ॅक्शन wx = ९३.७ किलोन्यूटन. पक्क्या टोकाशी ९३.७×६ मधून ३७.७×३६/२ वजा केलं की उणे ११६.४. स्पॅनमध्ये ९३.७×२.४८५/२ म्हणजे अधिक ११६.४. दोन्हीकडे बरोबर Mp, बाकी कुठेच त्याहून जास्त नाही. आता उत्तरावर सही करायला हरकत नाही.

मध्यावर हिंज धरून चूक झाली ती ३ टक्क्यांचीच, ०.३७५L वर धरली असती तर पाऊण टक्क्याहूनही कमी. मग एवढा आटापिटा कशाला, असं एखादा ज्युनिअर विचारतोच. या बीममध्ये चूक लहान आहे हे आपल्याला तपासल्यामुळे कळलं. दुसऱ्या लोडिंगमध्ये ती किती मोठी असेल, हे न तपासता सांगता येत नाही.

७. पॉइंट लोड असेल तर

इथे शोधाशोध नाही. दुसरी हिंज पॉइंट लोडखालीच होते, कारण मोमेंटच्या आलेखाला टोक तिथेच असतं. टेकूपासून a अंतरावरच्या लोडसाठी W = Mp(L+a)/[a(L−a)], आणि मध्यावर असेल तर 6Mp/L. दोन पॉइंट लोड असतील, तर दोन्हींखाली आळीपाळीने हिंज धरून बघा आणि लहान उत्तर घ्या.

८. टेकू खचला तर?

नाशिकच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्यावर उभी राहिलेली भिंत थोडी खाली-वर होतेच. समजा आपली बेअरिंगची भिंत १० मिलिमीटर खचली. आयएसएमबी २५० चा इनर्शिया ५१३२ सेंटिमीटरचा चौथा घात, म्हणून टेकूची रिअ‍ॅक्शन 3EIΔ/L³ ने, म्हणजे १.४ किलोन्यूटनने घटते, आणि पक्क्या टोकाचा मोमेंट ८.६ किलोन्यूटन मीटरने वाढतो. पहिली हिंज आता २५.९ ऐवजी २४.० वरच होते.

आणि कोलॅप्स लोड? ३७.७ च. चौथ्या पायरीचं समीकरण पुन्हा बघा, त्यात E नाही, I नाही, खचणं नाही. पहिली हिंज लवकर झाली तर ती जरा जास्त फिरेल, पण शेवटी दोन्ही जागी Mp च असणार आणि तोल तोच राहणार. वेल्डिंगमधले उरलेले ताण, तापमानाने आलेले मोमेंट, जबरदस्तीने बसवलेली टोकं, या सगळ्यांना हेच लागू. अट एकच: पहिल्या हिंजला तेवढं फिरता आलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या पायरीत प्लास्टिक वर्ग तपासला.

९. परीक्षेचं उत्तर ऑफिसात आणताना

३७.७ हा पडण्याचा लोड आहे. डिझाइनसाठी मटेरियलचा फॅक्टर १.१० आणि लोडचा १.५ घाला:

```
37.7 / 1.10 = 34.3 kN/m   (डिझाइन)
34.3 / 1.5  = 22.8 kN/m   (प्रत्यक्ष वापरातला)
```

या २२.८ मध्ये स्लॅब, फिनिश, माल आणि बीमचं स्वतःचं वजन, म्हणजे मीटरला ०.३७ किलोन्यूटन, सगळं आलं. पक्क्या टोकाशी बाहेरचा धागा पहिल्यांदा यील्ड होतो तो लोड 8×102.6/36, म्हणजे हाच २२.८. या बीममध्ये दोन आकडे योगायोगाने जुळले. रोजच्या वापरात बीम इलॅस्टिकच राहणार, हे यावरून कळतं.

शिअरकडे दुर्लक्ष नको. डिझाइन लोडला पक्क्या टोकाशी शिअर १२० किलोन्यूटन आहे. वेबची क्षमता २२६, तिचे ६० टक्के म्हणजे १३६. त्याच्या आत आहोत म्हणून Mp तसाच धरला. ओलांडलं असतं, तर Mp कमी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बेअरिंग प्लेट आणि भिंत टेकूच्या इलॅस्टिक रिअ‍ॅक्शनवर, म्हणजे ३/८ लोडवर डिझाइन केलेली अनेकदा दिसते. कोलॅप्सच्या वेळी टेकूवर ०.४१४wL येतो. आपल्या बीमसाठी ७७ ऐवजी ८५ किलोन्यूटन. बीम वाचवून भिंत चिरडण्यात अर्थ नाही.

खालच्या फ्लँजचं मात्र हमखास राहून जातं. स्पॅनमध्ये वरचा फ्लँज दाबात असतो आणि त्याला स्लॅबने धरलेलं असतं. पक्क्या टोकापाशी मोमेंट उलटा, तिथे खालचा फ्लँज दाबात, आणि त्याला कोणीच धरलेलं नसतं. पहिली हिंज नेमकी तिथेच होते आणि सर्वांत जास्त तीच फिरते. तिथे आडवा आधार द्या, आणि हिंजपासून पुढचा आधार किती अंतरात हवा ते कोडमधून काढा.

मेझनाईनऐवजी क्रेनचा गर्डर असेल, तर ही पद्धत बाजूला ठेवा. आघात आणि पुन्हा पुन्हा चढउतार होणाऱ्या लोडसाठी कोडच ती वापरू देत नाही.

शेवटी झोक. वापरातल्या २२.८ ला wL⁴/185EI ने १५.६ मिलिमीटर येतो. स्पॅनच्या ३०० व्या भागाची मर्यादा २० मिलिमीटर, म्हणून चालतं. पण हाच बीम ८ मीटर स्पॅनला घातला आणि लोड कोलॅप्सच्या हिशेबाने १२.८ पर्यंत खाली आणला, तरी झोक २७.७ मिलिमीटर होतो आणि मर्यादा २६.७ ची. साधारण ७.७ मीटरच्या पुढे आयएसएमबी २५० ला हिंज नव्हे, झोक अडवतो. तिथे मोठा सेक्शन घ्या.